अंदाजाची अचूकता आणि अवर्षणाची पकड : मान्सूनच्या दीर्घ मुदतीच्या अंदाजांचा एक ऐतिहासिक अभ्यास (१९८८ ते २०१५)

प्रस्तावना

बीड जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या वर्षाचा हिशेब मृगापासून सुरू होत असला, तरी त्याचे निर्णय एप्रिल-मे महिन्यांतच होऊन जातात. बियाणे कोणते घ्यायचे, जनावरे ठेवायची की आठवडे बाजारात न्यायची, मुकादमाकडून ऊसतोडीची उचल किती घ्यायची, हे सारे पावसाचा पहिला थेंब पडण्यापूर्वीच ठरलेले असते. नेमक्या याच काळात भारतीय हवामान विभागाचा मान्सूनविषयक पहिला अंदाज वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध होतो. हे अंदाज कितपत खरे ठरले, हा प्रश्न आजवर पुष्कळ वेळा विचारला गेला आहे. मात्र जी वर्षे वाईट गेली ती अंदाजांनी आधी ओळखली होती काय, हा प्रश्न त्याहून वेगळा असून त्याचे उत्तरही वेगळे आहे. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रश्नाचा इतिहासाच्या अंगाने विचार केला आहे.

या लेखास एक निमित्त घडले. १९८८ ते २०१५ या २८ वर्षांचे पहिले अंदाज आणि प्रत्यक्ष पाऊस यांची यादी प्रस्तुत लेखकाने एका संगणकशास्त्राच्या सहकारी प्राध्यापकांना दिली. ज्या वर्षी देशाचा जून ते सप्टेंबरचा पाऊस दीर्घकालीन सरासरीच्या ९० टक्क्यांहून कमी, ते ‘तुटीचे वर्ष’ आणि बाकीची सर्व ‘तुटीची नसलेली’, अशी दोनच खाती त्यांना पाडावयास सांगितली. अंदाजाच्या आकड्यालाही तीच सीमारेषा लावली. त्यांनी संगणकाच्या पडद्याचे छायाचित्र, म्हणजे स्क्रीनशॉट, पाठविला. त्यावर एवढेच होते :

```
>>> confusion_matrix(y_true, y_pred)
array([[23,  0],
       [ 5,  0]])
>>> accuracy_score(y_true, y_pred)
0.8214285714285714
>>> recall_score(y_true, y_pred)
0.0
```

या चार आकड्यांच्या चौकटीस ‘कन्फ्युजन मॅट्रिक्स’ म्हणतात. आपण तिला ‘गल्लत-सारणी’ म्हणू. आडव्या ओळी प्रत्यक्षात काय घडले ते सांगतात आणि उभे रकाने अंदाज काय होता ते सांगतात. वरची ओळ तुटीच्या नसलेल्या वर्षांची आहे. अशी २३ वर्षे होती आणि तेवीसही वेळा अंदाज ‘तूट नाही’ असाच होता. खालची ओळ तुटीच्या वर्षांची आहे. ती पाच होती आणि पाचही वेळा अंदाज ‘तूट नाही’ असाच होता. एकूण २८ पैकी २३ उत्तरे बरोबर, म्हणजे अचूकता ८२ टक्के. परंतु पाचपैकी पकडलेली तुटीची वर्षे शून्य. या दुसऱ्या प्रमाणास ‘रिकॉल’ म्हणतात. मराठीत त्यास ‘पकड’ हा शब्द बरा वाटतो. ज्या गोष्टीसाठी जाळे टाकले ती किती हाती लागली, याचे ते माप होय.

८२ टक्के आणि शून्य हे दोन्ही आकडे एकाच सारणीतून निघतात आणि दोन्ही खरे आहेत. हे कसे घडते, ते पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

१८८४ : दोन खंडांतील दोन घटना

गल्लत-सारणी हे नाव तसे अलीकडचे आहे. १९५५ मध्ये जॉर्ज मिलर आणि पॅट्रिशिया नाइसली यांनी गोंगाटात ऐकणारा माणूस कोणत्या व्यंजनाऐवजी कोणते व्यंजन ऐकतो, याच्या सारण्या प्रसिद्ध केल्या. ‘कन्फ्युजन’ हा शब्द या विषयात आला तो अशा ऐकण्यातील गल्लतीवरून. परंतु चार घरांची सारणी मांडून अंदाजकर्त्याचा हिशेब तपासण्याची पद्धत त्याहून सत्तर वर्षे जुनी असून तिचा जन्म हवामानशास्त्रातच झाला आहे.

अमेरिकेच्या लष्करी सिग्नल खात्यातील सार्जंट जॉन फिनली याने १८८४ च्या वसंत ऋतूत चक्रीवादळांचे, म्हणजे तेथील टॉर्नेडोंचे, प्रायोगिक अंदाज केले. देशाचे विभाग पाडून प्रत्येक विभागाबाबत ‘होईल’ किंवा ‘होणार नाही’ असे तो सांगत असे. असे २८०३ अंदाज जमले. त्याने ‘होईल’ म्हटले आणि वादळ झाले, असे २८ वेळा घडले. ‘होईल’ म्हटले पण झाले नाही, असे ७२ वेळा. ‘होणार नाही’ म्हटले आणि झाले, असे २३ वेळा. उरलेल्या २६८० वेळा ‘होणार नाही’ म्हटले आणि झालेही नाही. फिनलीने बरोबर उत्तरांची बेरीज करून ९६ टक्क्यांहून अधिक यशाचा दावा केला.

त्याच वर्षी त्याचे टीकाकार पुढे आले. त्यांचा युक्तिवाद अगदी साधा होता. एखाद्याने अभ्यास न करता रोज ‘वादळ होणार नाही’ एवढेच लिहून दिले असते, तर २८०३ पैकी २७५२ उत्तरे बरोबर आली असती. म्हणजे ९८ टक्के. फिनलीच्या परिश्रमापेक्षा स्वस्थ बसणाऱ्याची अचूकता अधिक! भूगर्भशास्त्रज्ञ ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट याने सुचविले की, ते २६८० निरुपद्रवी दिवस हिशेबातून वगळावेत आणि २८ ला फक्त १२३ ने भागावे. हे उत्तर २३ टक्क्यांच्या आसपास येते. तत्त्वज्ञ चार्ल्स सँडर्स पर्स याने दुसरा मार्ग दाखविला. आलेल्या ५१ वादळांपैकी किती पकडली ते प्रमाण घ्यावे आणि त्यातून, न आलेल्या २७५२ वेळांपैकी किती वेळा उगीच घाबरविले ते प्रमाण वजा करावे. फिनलीच्या बाबतीत ही वजाबाकी साधारण ०.५२ येते. म्हणजे त्याचे कौशल्य ९६ टक्के नव्हते, पण शून्यही नव्हते. पर्सच्या या मापाचा एक गुण ध्यानात ठेवण्याजोगा आहे. जो अंदाजकर्ता रोज एकच उत्तर देतो, त्याला या मापाने नेमके शून्य गुण मिळतात, मग त्याची अचूकता कितीही असो.

आता दुसरी घटना. त्याच १८८४ साली भारतीय हवामान विभागाचे प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातील बर्फवृष्टी आणि भारतातील अवर्षण यांचा संबंध मांडणारा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ठेवला. पार्श्वभूमी १८७६-७८ च्या भीषण दुष्काळाची होती. हिमालयात बर्फ अधिक साचले की पुढचा पावसाळा कमजोर जातो, या निरीक्षणाच्या आधारे १८८६ मध्ये मान्सूनचा पहिला अधिकृत दीर्घ मुदतीचा अंदाज प्रसिद्ध झाला. येथे मुद्दा असा की, भारतात मान्सूनचा अंदाज जन्मास आला तो दुष्काळ आधी ओळखण्यासाठी. चांगले वर्ष चांगले जाईल हे सांगणे हा त्याचा मूळ हेतू नव्हता. तथापि १८९९ मध्ये, ब्लॅनफर्ड यांच्यानंतर आलेल्या जॉन इलियट यांच्या काळात, अंदाज चांगल्या पावसाचा होता आणि प्रत्यक्षात गुजरात-राजस्थानात छप्पनिया म्हणून स्मरणात राहिलेला दुष्काळ पडला. ‘पकड’ सुटल्याचे भारतातील हे पहिले मोठे उदाहरण होय.

पुण्याचे सोळा घटक आणि चौदा वर्षे

हवामान विभागाचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यास आले. शिवाजीनगरच्या त्या चौकास आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. याच पुण्याचे वसंतराव गोवारीकर केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान खात्याचे सचिव असताना त्यांच्या पुढाकाराने, व्ही. थपलियाल आदी हवामानशास्त्रज्ञांच्या सहकार्याने, सोळा घटकांचे प्रतिमान तयार झाले. ते १९८८ पासून वापरात आले. एल निनोची स्थिती, युरेशिया व हिमालयातील बर्फाचे आच्छादन, डार्विन येथील हवेचा दाब, उत्तर भारतातील तापमान, वातावरणाच्या वरच्या थरांतील वारे अशा सोळा बाबींचे गणिती समीकरण मांडून देशाच्या पावसाचा एक आकडा काढला जाई. चूक चार टक्क्यांपर्यंत कमी-अधिक गृहीत धरलेली असे.

१९८८ ते २००१ या सलग चौदा वर्षांत देशाच्या सरासरीचा विचार करता एकही तुटीचे वर्ष आले नाही. १९८८ चे वर्ष अतिवृष्टीचे होते व अंदाजही ११३ टक्क्यांचा होता. उरलेली वर्षे सरासरीच्या दहा टक्के आतबाहेर राहिली. सोळा घटकांचे प्रतिमान कधीच चुकत नाही, असा लौकिक या काळात झाला.

हा लौकिक आकड्यांवर घासून पाहण्यासारखा आहे. १९९४ चा अंदाज ९२ टक्के होता, पाऊस ११० टक्के पडला. १९९७ चाही अंदाज ९२ होता, पाऊस १०२ पडला. १९९९ मध्ये १०८ सांगितले आणि ९६ झाले. चार टक्क्यांच्या मर्यादेच्या कसोटीवर ही तिन्ही वर्षे चुकीचीच ठरतात. तरीही ती यशाच्या खात्यात जमा झाली, कारण ‘सर्वसाधारण’ हे खातेच ९० ते ११० इतके रुंद होते. खाते रुंद केले की अचूकता वाढते. विद्यार्थ्यांना ३५ गुणांवर उत्तीर्ण केल्याने निकाल वाढतो, त्यातलाच हा प्रकार.

पण खरी अडचण याहून खोल आहे. चौदा वर्षांत तुटीचे वर्षच आले नाही, तर ‘पकड’ किती होती? शून्य भागिले शून्य. या प्रश्नाला उत्तरच नाही. प्रतिमान दुष्काळ ओळखते की नाही, याची परीक्षा त्या चौदा वर्षांत झालीच नव्हती. या काळाची गल्लत-सारणी मांडली असती तर खालची ओळ पूर्ण रिकामी दिसली असती. अशी रिकामी ओळ ही सावधगिरीची सूचना असते. परंतु सारणी न मांडता केवळ ‘चौदापैकी चौदा’ असे म्हटले की ती ओळ नजरेसच पडत नाही.

२००२ मध्ये १०१ टक्के पावसाचा अंदाज होता. जुलै महिन्यात देशात सरासरीच्या निम्म्याच्या आसपास पाऊस पडला आणि हंगामअखेर आकडा ८१ वर थांबला. त्या दिवशीही प्रतिमानाची अचूकता पंधरापैकी चौदा, म्हणजे ९३ टक्के होती. पकड मात्र एकात शून्य. २००३ मध्ये सोळा घटकांचे प्रतिमान बाजूला सारून आठ व दहा घटकांची नवी प्रतिमाने आणली गेली. २००४ मध्ये अंदाज १०० टक्के होता आणि पाऊस ८७ टक्के. २००७ पासून आणखी नवी, दोन टप्प्यांची पद्धत आली. २००९ मध्ये एप्रिलचा अंदाज ९६, जूनचा सुधारित अंदाज ९३ आणि प्रत्यक्ष पाऊस ७८ टक्के. २०१४ मध्ये ९५, मग ९३, आणि प्रत्यक्षात ८८. २०१५ मध्ये एप्रिलचा अंदाज ९३ होता. जूनमध्ये तो ८८ वर आणला गेला व पाऊस ८६ टक्के पडला. पहिल्या अंदाजाऐवजी जूनचा सुधारित अंदाज धरला तर पाचपैकी एक वर्ष पकडले, असे म्हणता येईल. अर्थात जूनच्या आरंभी आपल्याकडे बियाण्याची पिशवी घरी आलेली असते.

आकडा मध्याकडे का सरकतो?

या अपयशाचा दोष शास्त्रज्ञांच्या प्रामाणिकपणावर टाकणे अन्यायाचे होईल. कारण गणितातच आहे. अशा प्रतिमानांची समीकरणे मागील वर्षांची एकूण चूक कमीत कमी व्हावी, अशा रीतीने बसविलेली असतात. बहुतेक वर्षे सरासरीच्या आसपास असतात. निवडलेल्या घटकांचा पावसाशी संबंध जितका सैल, तितके समीकरण सरासरीच्या जवळचा आकडा देऊन स्वतःस सुरक्षित ठेवते. ८० सांगून १०० पडला तर चूक मोठी. ९७ सांगितल्यास सहा वर्षांपैकी पाच वर्षे चूक लहान राहते, सहाव्या वर्षी काय होईल ते होवो.

हे ओळखण्याची खूण साधी आहे. अंदाजांचा रकाना आणि प्रत्यक्ष पावसाचा रकाना शेजारी ठेवून दोन्हींचा पसारा मोजावा. २००३ ते २०१५ या तेरा वर्षांत एप्रिलचे अंदाज ९३ ते १०० या सात अंकांच्या पट्ट्यात फिरत राहिले. प्रत्यक्ष पाऊस ७८ ते १०६ असा अठ्ठावीस अंकांत फिरला. ज्या अंदाजकर्त्याचा आकडा ९३ च्या खाली कधी उतरतच नाही, तो ९० च्या खालचे वर्ष ओळखणार कसा? पर्सचे माप लावल्यास पाचात शून्य वजा तेवीसात शून्य, म्हणजे नेमके शून्य. ‘वादळ होणार नाही’ असे रोज लिहिणाऱ्या त्या काल्पनिक कारकुनाचेच हे गुण होत. फिनलीचे ०.५२ गुण येथे मोठे वाटू लागतात.

सुलोचना गाडगीळ, एम. राजीवन आणि रवी नंजुंडय्या यांनी २००५ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये हेच अपयश मोजून दाखविले. १९३२ ते २००४ या काळातील अधिकृत अंदाज त्यांनी तपासले. प्रतिमाने वारंवार बदलूनही सात दशकांत अंदाजांच्या कौशल्यात सुधारणा झाली नाही, असे त्यांस आढळले. यातील राजीवन हे स्वतः हवामान विभागाच्या पुण्यातील नव्या प्रतिमानांच्या कामात होते, ही गोष्ट मुद्दाम नोंदविण्यासारखी वाटते.

एका आकड्याऐवजी शक्यता सांगणे हा यावरचा एक उपाय होता आणि तो विभागाने केलाही. २०१४ च्या एप्रिलमध्ये तुटीच्या वर्षाची शक्यता २३ टक्के व २०१५ च्या एप्रिलमध्ये ३३ टक्के दिली होती. कोणत्याही सामान्य वर्षी ही शक्यता १६ टक्के धरली जाते. म्हणजे २०१५ साली ती नेहमीच्या दुप्पट होती. २० टक्क्यांच्या वर शक्यता गेली की इशारा समजावा, असा नियम एखाद्याने केला असता तर ही दोन्ही वर्षे एप्रिलमध्येच पकडली गेली असती. मात्र उंबरठा खाली आणला की खोटे इशारे वाढतात. ते किती सोसायचे, हे गणित सांगत नाही. ते नुकसान कोणाचे आणि केवढे, यावर अवलंबून असते. खोटा इशारा मिळाल्यास कापसाऐवजी बाजरी-तूर पेरणाऱ्याचा थोडा नफा जातो. इशारा न मिळाल्यास दुबार पेरणी, तिसऱ्यांदा बियाणे, मग सावकार. अचूकतेच्या टक्केवारीत मात्र या दोन्ही चुकांची किंमत अगदी सारखी, प्रत्येकी एक. वर्तमानपत्रांनी तर शक्यतेचा तक्ता सोडून ९३ हा एकच आकडा मथळ्यात छापला.

बीडच्या सारणीचा प्रश्न

येथवर वापरलेली सारणी देशाची आहे. बीडकडे पाहिले की तीतील एक घर डळमळू लागते. २०१२ मध्ये अंदाज ९९ टक्के होता आणि देशाचा पाऊस ९३ टक्के झाला. आपल्या सारणीत हे वर्ष वरच्या ओळीत, बरोबर उत्तरांत बसले आहे. परंतु त्याच वर्षी मराठवाड्यात पावसाने दगा दिला आणि २०१३ च्या उन्हाळ्यात आष्टी तालुक्यात माळरानावर जनावरांच्या छावण्या उभ्या राहिल्या. दिल्लीच्या दृष्टीने बरोबर ठरलेले उत्तर बीडच्या दृष्टीने सुटलेला दुष्काळ होता. २०१४ व २०१५ मध्ये देशाची तूट १२ आणि १४ टक्के होती, तर मराठवाड्याची दोन्ही वर्षी ४० टक्क्यांच्या आसपास. केज तालुक्यातील धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये त्यावर अवलंबून असलेल्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. म्हणजे ‘तूट’ या शब्दाची सीमा कोणी, कोणत्या प्रदेशासाठी आखली, यावर सारणीतील चारही आकडे बदलतात. हवामान विभागाने देशाचा अंदाज जिल्ह्यास लागू असल्याचे कधीच म्हटले नव्हते, हेही तितकेच खरे. पण गावात तो तसाच ऐकला जातो.

अखेरीस शब्दांविषयी थोडे. फिनलीच्या वादानंतर काही वर्षांतच अमेरिकेच्या अधिकृत अंदाजांतून ‘टॉर्नेडो’ हा शब्दच वर्ज्य झाला. लोक घाबरतात, असे त्याचे कारण दिले जाई. हा शब्द परत येण्यास अर्धे शतक लागले. भारतात २०१६ च्या आरंभी हवामान विभागाने देशपातळीवरील ‘दुष्काळ’ हा शब्द वापरणे बंद करून त्या जागी ‘तुटीचे वर्ष’ हा शब्द स्वीकारला. दुष्काळ जाहीर करणे हे राज्य शासनाचे काम असल्याने यात प्रशासकीय तर्क आहे. प्रस्तुत लेखातही वर्गीकरणासाठी ‘तूट’ हाच शब्द वापरला आहे. मात्र ही यादी तयार करताना पाटोदा तालुक्यातील एका वृद्ध शेतकऱ्यास २०१५ हे ‘तुटीचे वर्ष’ कसे गेले असे विचारले, तेव्हा त्यांनी प्रथम प्रश्नच समजला नसल्याचे सांगितले. थोड्या वेळाने म्हणाले, “दुष्काळाचं साल म्हणताय व्हय सर? मग तसं म्हणा की.”